बिल हरवलेल्या कार्डवाल्यास खुले पत्र

रा. रा. जुनं ग्राफिक्स कार्ड विकू पाहणारे महाशय यांस,

सा. न. वि. वि.

आपली जाहिरात वाचली. ‘कार्ड एकदम मिंट कंडिशन, बिल होतं पण सापडत नाही, खोकं भंगारात गेलं, वॉरंटी बहुतेक आहे.’ त्या ‘बहुतेक’वर आम्ही फिदा झालो. जिची तारीख कोणालाच सांगता येत नाही, अशा वॉरंटीचे पैसे मागायला छाती लागते, आणि ती आपल्याकडे आहे.

आता ‘बहुतेक’चा हिशेब करू. समजा कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये कारखान्यातून निघालं, वितरकाच्या गोदामात पडून राहिलं आणि आपण ते मार्च 2023 मध्ये घेतलंत. वॉरंटी तीन वर्षांची. बिल दाखवलं तर ती मार्च 2026 पर्यंत धरतात. बिल नसेल तर बऱ्याच कंपन्या सिरीयल नंबरवरून उत्पादनाची तारीख काढतात आणि तिथूनच वर्षं मोजतात. मग तीच वॉरंटी ऑगस्ट 2025 मध्ये संपते. म्हणजे पंखा नोव्हेंबर 2025 मध्ये अडला, तर बिलवाल्याला दुरुस्ती फुकट आणि आपल्याला सर्व्हिस सेंटरवाल्याचं गोड हसू. गोदामातले सात महिने आपण वितरकाला आहेर केलेत, हे त्याला कळवलंत का?

सिरीयल नंबर विचारला, तर आपण म्हणालात, ‘कॉम्प्युटरवर दिसेल की.’ दिसेल ना! ही कमांड देऊन पाहा:

```
nvidia-smi -q
```

घरगुती जीफोर्स कार्ड असेल, तर `Serial Number` च्या पुढे `N/A` लिहून येतं. नंबर असतो तो कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरवर आणि खोक्यावर. आपण आम्हाला पाठवलात तो `P/N`. तो मॉडेलचा नंबर, त्या मॉडेलच्या प्रत्येक कार्डावर तोच. `S/N` वेगळा. खोक्यावरचा आणि कार्डावरचा `S/N` जुळला, तरच ती जोडी खरी. म्हणून सुज्ञ माणसं कार्ड कॅबिनेटात बसवण्याआधी स्टिकरचा फोटो काढतात. आपण सुज्ञपणापेक्षा वेगाला महत्त्व दिलंत, फ्रेमरेटवर प्रेम असणाऱ्याला ते शोभतंच.

पुढे आपण सांगितलंत, ‘ऑनलाइन घेतलं होतं, ऑर्डरचा मेल आहे.’ अहो, ऑर्डरचा मेल म्हणजे पैसे घेतल्याची पोच. बिल देतो तो विक्रेता, त्याच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह. ते बहुधा माल रवाना झाल्यावर खात्यातून उतरवून घ्यावं लागतं. सर्व्हिस सेंटरला तेच हवं. आणि मेल आहे कुठे, तर जुन्या कंपनीच्या पत्त्यावर, जी नोकरी आपण सोडलीत! निदान आपल्या जीमेलमध्ये `has:attachment invoice` टाकून शोधून पाहिलंत का?

विम्याचं तर बोलायलाच नको. चोरी झाली, एफआयआर झाला, सर्व्हेअर विचारतो काय गेलं. आपण म्हणता ‘एक भारी कार्ड’. त्याच्या अर्जात ‘भारी’साठी रकाना नसतो. मॉडेल, किंमत, खरेदीची तारीख हे सगळं बिलावर असतं. पोलिसांनी उद्या चार कार्डं टेबलावर मांडली, तर त्यातलं आपलं कुठलं हे सांगायलाही तोच `S/N` लागेल.

राहता राहिला आमचा संशय. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं पुसूनपासून जुन्या बाजारात आली. आपलं कार्ड मार्च 2023 चं असेल, तर ते त्यातलं नसण्याची शक्यता चांगली. पण ती तारीख आम्ही आपल्या प्रामाणिक चेहऱ्यावरून वाचायची का? बिलाने आपलाच फायदा झाला असता. बिल देताना पत्ता आणि फोन नंबर झाका, आणि जाहिरातीत `S/N` चे शेवटचे आकडेही; कोणी आपल्या नंबरावर भलताच दावा ठोकायला नको. काही कंपन्या वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच मानतात, तेही कंपनीला विचारून घ्या. एवढं सांगूनही आम्ही आपल्याला सल्ला देत नाही, सौदा करतोय.

बिल सापडलं, तर आपण म्हणाल ती किंमत. न सापडल्यास वॉरंटी संपलेली धरून बोलू, आणि कार्ड घेण्याआधी आमच्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखवावा लागेल. रविवारपर्यंत कळवावे.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. बिल दुकानातल्या छोट्या छपाईयंत्राचं, गुळगुळीत कागदावरचं सापडलं, तर जपायचं म्हणून लॅमिनेट करायला नेऊ नका. तो कागद उष्णतेनेच काळा होतो. आधी फोटो काढा, मग फाइलला लावा.