सॅप येते का, दादा?

धरमपेठेतल्या प्लेसमेंट ऑफिसात बसणाऱ्या या ताईंना बुटीबोरीतल्या यच्चयावत स्टोअरकीपरांचे पगार पाठ असतात. स्वतःचा मात्र त्या कोणाला सांगत नाहीत. फोन लागला की "करंट किती, अपेक्षा किती, नोटीस किती" हे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटच्या सुरात एका दमात निघतं. मग आवाज उतरतो, आपुलकीचा होतो. आता खरा प्रश्न येणार.

कंपनीला सॅप येणारा स्टोअर असिस्टंट हवा असतो आणि समोरच्या बायोडाटात स्टॉक रजिस्टर, जीआरएन, एमएससीआयटी, सगळं असतं; सॅप तेवढं नसतं. बायोडाटा तसाच पुढे पाठवला, तर कंपनीचा एचआर तो शब्द शोधतो, सापडला नाही की परत. म्हणून आधी विचारायचं.

नव्या पोरी सरळ विचारतात, "सॅप येते का?" नागपुरात या प्रश्नाला "नाही" म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. "येते नं मॅडम! नसलं तरी दोन दिवसांत शिकून घेतो."

ताई असं विचारतच नाहीत. "दादा, गेटवर गाडी आली. मंग जीआरएन होईपर्यंत तुम्ही काय काय करता, सांगा बरं."

क्लास लावून आलेला इथे मॉड्यूलांची नावं म्हणायला लागतो. पण परवाचा एक गडी शांतपणे सांगत गेला, "चालान घेतो, माल मोजतो, पीओशी जुळवतो. मंग MIGO उघडून पीओ नंबर टाकतो, मूव्हमेंट टाइप 101, क्वांटिटी पाहून पोस्ट."

"आन् क्वांटिटी चुकून जास्त पोस्ट झाली तं?"

"102 नं उलटवायची. पन आधी साहेबाच्या शिव्या खायच्या."

हा शिव्यांचा तपशील कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. ताईंनी तिथेच ओळखलं.

"अहो, मंग बायोडाटात सॅप काहून नाही लिहिलं?"

"ते कंपनीचं आहे नं मॅडम. आपलं थोडीच आहे!"

४ वर्षं रोज हाताखालून गेलेली गोष्ट त्याला हातरुमालाइतकीही आपली वाटली नव्हती. ताईंनी आणखी खोदलं: पीओ कोण बनवायचं? "पर्चेसवाले." एक्सेलच्या रकान्यात लगेच नोंद झाली: 'जीआरएन हो, पीओ नाही.' इथे दुसरी कोणी असती तर 'सॅप एमएम, ४ वर्षं' असं ठोकून मोकळी झाली असती आणि इंटरव्ह्यूत ME21N विचारल्यावर गड्याला घाम फुटला असता. बायोडाटात स्वतः एक अक्षर घालायचं नाही, हाही ताईंचा नेम. "जे करता तेच लिहा, तुमच्याच हातानं, आन् संध्याकाळपर्यंत मेल करा."

संध्याकाळी मेल आला. ताईंनी फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली, कपाळाला हात लावला आणि पुन्हा फोन लावला.

"दादा, ते छंदातून काढा. 'क्रिकेट, वाचन, सॅप' असं नाही लिहीत जी."