उलट्या पत्त्याचं सुलट भाषांतर

चिनी व्हिजिटिंग कार्ड मराठीत आणणाऱ्याला पहिली हुक्की येते ती सगळं उलटवण्याची. चिनी पत्ता प्रांतापासून निघतो आणि शहर, विभाग, रस्ता, इमारत असं उतरत खोलीच्या दाराशी येतो. पाकिटावरचा आपला पत्ता दारापासून निघून जिल्ह्याला पोचतो. मग खातं आणि हुद्दाही उलटवून टाकले जातात. ही खोड इंग्रजीकडून आलेली. 'परदेश व्यापार विभागाचे उपव्यवस्थापक' असं लिहिताना मराठी आधी खातं सांगते, मग माणूस. चिनीही तेच करते. तिथे हात लावायचं कारणच नाही.

पत्ता उलटवायचा तर तुकड्यांचा क्रम बदलावा, तुकडे फोडू नयेत. नानजिंगमधला एखादा पत्ता घ्या: गुलोउ विभाग, झोंगशान बेई लू, पुढे '३ हाव लोउ' आणि '५ लोउ'. उत्साही भाषांतरकार याचा 'नगारखाना विभाग, मध्यपर्वत उत्तर रस्ता' करतो. गुलोउ म्हणजे नगाऱ्याचा मनोरा हे खरं, पण झोंगशान हे सन यत्-सेन यांचं नाव. त्यांचा पर्वत करणं म्हणजे महात्मा गांधी मार्गाला 'थोर आत्म्याची वाट' म्हणणं. पुढचे दोन तुकडे जास्त घातक. '३ हाव लोउ' म्हणजे तीन नंबरची इमारत. मधला 'हाव' गळला की तीच इमारत तिसरा मजला होते. आणि '५ लोउ' पाचवा मजला असला, तरी चीनमध्ये तळमजल्यालाच पहिला धरतात, म्हणजे आपल्या हिशेबाने चौथा. तरी कार्डावर पाचच ठेवावा, कारण लिफ्टमधल्या बटणावर पाच असतो आणि लिफ्ट मराठी वाचत नाही.

मग उलटवायचंच कशाला, असं कुणी विचारेल. टॅक्सीवाल्याला आणि पोस्टमनला चिनी बाजूच दाखवायची असते, हे कबूल. मराठी बाजू मात्र आपल्या कचेरीतल्या माणसासाठी असते, आणि त्याची नजर पत्त्यातलं गाव शेवटच्या ओळीत शोधते.

हुद्द्यांत खरी गंमत 'फू' या इवल्याशा अक्षराची. फू म्हणजे उप. 'फू त्सोंग जिंगली' हे उपमहाव्यवस्थापक. पण आडनाव वांग असेल तर समोरासमोर त्यांना 'वांग त्सोंग' म्हणतात, फू गिळून. उपअभियंत्याला 'साहेब' म्हणणाऱ्यांना हे शिकवायला नको. तोंडी गिळावा, कागदावर गिळू नये. नाहीतर करारावर सही करायला भलताच माणूस बसतो. 'शूजी' हा पक्षाचा हुद्दा. त्याला सेक्रेटरी म्हटलं की वाचणाऱ्याला टंकलेखन करणारा सहायक दिसतो. त्या सहायकाला चिनीत वेगळा शब्द आहे, 'मिशू'. कारखान्यातल्या शूजीला चहा सांगायला लावणं महागात पडेल. मराठीत यावर नेमका शब्द तयार आहे: चिटणीस. शूजीही मुळात लेखनिक, आपला चिटणीसही मुळात पत्रं लिहिणारा, आणि पुढे दोघेही पक्षांत जाऊन मोठे झाले.