‘ड्रीम डिलाइट’वाल्या बेकरीमालकांस अनावृत पत्र

निमगाव केतकीचे बेकरीमालक यांस, स. न. वि. वि.

एगलेस केकच्या प्रत्येक फ्लेवरचे आपण बारसे केलेत, त्याबद्दल अभिनंदन. ‘ड्रीम डिलाइट’, ‘रॉयल ब्लिस’, ‘एंजल किस’, ‘स्वीट ड्रीम’. यातला अननसाचा कुठला आणि बटरस्कॉचचा कुठला, हे पाटी वाचून जो सांगेल त्याला दोन्ही फुकट द्या. फोनवर आजी ‘तो ड्रीमवाला’ सांगणार, ड्रीमवाले तुमच्याकडे दोन, आणि ऐन मेणबत्त्यांच्या वेळी खोक्यातून भलताच निघणार. खोक्यावरच्या हिरव्या ठिपक्याने शाकाहारी असल्याचे कळते, चव नाही कळत.

तुम्ही म्हणाल, ‘ब्लॅक फॉरेस्ट’ तरी कुठे काय सांगते? बरोबर. मूळच्या जर्मन केकमध्ये चेरी आणि चेरीचीच दारू. आपल्याकडे लाल रंगात, पाकात मुरवलेले करवंद अनेकदा चेरी म्हणून मिरवते. तरी गिऱ्हाईक चुकत नाही, कारण वर्षानुवर्षे त्या नावाखाली काळा स्पंज, पांढरे क्रीम आणि लाल फळ असेच मिळत आले. नाव लक्षात राहते ते एकाच चवीला चिकटून राहिल्याने. तुमच्या ब्लिसला तेवढी वर्षे मिळायची नाहीत. पुढच्या दिवाळीला तुम्हीच ते बदलाल. म्हणून नव्या नावाने चव स्वतःच सांगायला हवी. आणि एगलेसमध्ये चव असते कुठे? बहुतेकांचा स्पंज त्याच प्रीमिक्सचा. फरक पाकात, क्रशमध्ये, क्रीममध्ये. नाव तिथूनच उचला.

विड्याच्या पानांच्या या गावात पानाच्या केकला ‘ग्रीन मॅजिक’ म्हणायचे, याला मात्र काय म्हणावे! हिरवा तर पिस्ताही असतो. ‘निमगावचा विडा’ म्हणा; गुलकंद, बडीशेप, पान, सगळे त्यात आले. ‘केतकी विडा’ अधिक गोड वाटेल, पण टाळा. केवड्याचा वास नाही म्हणून कुणीतरी परत आणील. अर्थात नाव दिले की ते पाळावेही लागते. वाटलेले पान दह्याच्या आंबट घोळात घालून भाजले तर हिरवेपणा जाऊन शेवाळी तपकिरी रंग उरतो, मग बाटलीतला रंग ओतावा लागतो. पान भाजू नका, गार क्रीममध्ये मिसळा. गुलकंद दोन थरांच्या मधे पसरा. कापताना तो दिसला की नाव पटले.

‘पण इंग्रजी नावाशिवाय पोरं घेत नाहीत’ हेही ऐकून आहे. खोटे नाही. रात्री दहाला मोबाइलवरचा फोटो दाखवून ‘हाच पाहिजे, अर्ध्या तासात’ म्हणणाऱ्यांपुढे नावांचा विचार करायला तुम्हाला उसंत कुठली? प्रीमिक्सच्या एजंटाने यादी दिली, तुम्ही ती रंगवून घेतलीत. राहू द्या इंग्रजी. फक्त प्रत्येक नावाखाली, काउंटरपलीकडून वाचता येईल अशा अक्षरांत, आत काय आहे ते लिहा. आणि दोनपैकी एक ड्रीम आजच पुसा.

आपला,
अननस मागून बटरस्कॉच खाणारा