दुकान एक तास जास्त उघडे ठेवावे काय? : एक शास्त्रोक्त मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका ज्या दुकानदारांची रात्री दहानंतर शटर ओढावे की नाही या प्रश्नाने झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी आहे. प्रत्यक्षात ती एकाच दुकानदारासाठी लिहिली आहे. ते माझे काका. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या वाटेवर तारोडीत त्यांचे किराणा दुकान आहे आणि वर माळ्यावर घर आहे. त्यांनी ही मार्गदर्शिका वाचण्याची शक्यता नाही, कारण वाचायच्या वेळी ते दुकानात असतात.

नियम पहिला : ‘दुकान उघडं ठेवलं की धंदा होतोच’ हे वाक्य पाटीवर लिहून पुसून टाकावे. काका ते गेली कित्येक वर्षे म्हणत आहेत. विहीर खणली की पाणी लागतेच, असे म्हणणारा माणूस आणि काका हे एकाच गावचे.

नियम दुसरा : जो खर्च दुकान दहाला बंद केले तरी होणारच आहे, तो या हिशेबात घेऊ नये. काका नेमके उलट करतात. ‘एवढं भाडं भरतोय, मग दुकान लवकर बंद करून कसं चालेल?’ असा त्यांचा सवाल असतो. अहो, भाडे महिन्याचे आहे. ते दहाला बंद केले तरी तेवढेच आणि पहाटे तीनपर्यंत बसलात तरी तेवढेच. डीप फ्रीझर रात्रभर चालतोच. त्याला शटरची काही पडलेली नसते. दहा ते अकरा या तासामुळे जे बदलते तेवढेच मोजायचे. अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती म्हणतात. इंग्लंडमध्ये जेव्हन्स आणि व्हिएन्नात मेंगर यांनी १८७१ साली, आणि लोझानमध्ये वालरास यांनी १८७४ साली, एकमेकांना न विचारता ही सीमेवरच्या हिशेबाची वाट धरली. आमच्या काकूंनी तिघांचीही नावे ऐकलेली नाहीत, आणि त्या याच वाटेने गॅसची शेगडी बारीक करतात.

या तासामुळे बदलते ते काय? दिवे, पंखा आणि बाहेरची पाटी मिळून तासाला पाव युनिट जेमतेम, म्हणजे काकांच्या बिलाच्या दराने तीनेक रुपये. काका याच तीन रुपयांवर चिडून मधली ट्यूब बंद करतात आणि अंधारात गूळ समजून साबण तोलायला घेतात. खरा खर्च आहे तो हाताखालच्या मुलाचा. जास्तीच्या तासाचे त्याला साठ रुपये द्यावे लागतात.

नियम तिसरा : गल्ला म्हणजे नफा नव्हे. हे सांगायची वेळ यावी याची मला लाज वाटते, पण काका अकरा वाजता गल्ला मोजून ‘साडेअकराशे!’ असे वर ओरडून सांगतात. साडेअकराशेचा माल गेला. त्यात त्यांचे सरासरी बारा टक्के सुटतात, म्हणजे १३८ रुपये. दुधाच्या पिशवीवर त्याहून कमी, सुट्या मसाल्यावर जास्त, आणि मोबाईलच्या रिचार्जवर इतके थोडे की ते करताना काका चष्माही काढत नाहीत.

तरीही हे १३८ त्या तासाचे आहेत असे समजू नये. इथे मार्गदर्शिकेचा गाभा येतो, म्हणून जरा सरसावून बसावे.

रात्री सव्वादहाला येणारे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एक, बसने उतरून घरी जाताना अंडी-पाव घेणारे. दुकान बंद असते तर त्याने भाईंदर स्टेशनजवळच घेतले असते, म्हणजे ते खरोखर जास्तीचे. दुसरे म्हणजे समोरच्या आळीतले. दुकान दहाला बंद होते हे ठाऊक असते तर ते साडेनऊला आले असते, नाहीतर सकाळी. त्यांची खरेदी कुठे गेली नसती, फक्त घड्याळात सरकली असती. मी स्वतः या दुसऱ्या प्रकारात मोडतो. जेवण झाल्यावर डासांची अगरबत्ती संपल्याचे आठवते आणि मी पाचशेची नोट घेऊन जातो.

हे दोघे चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत, आणि ‘तुम्ही सकाळी आला असतात का हो?’ असे विचारले तर गिऱ्हाईक दुखावते. म्हणून उपाय असा : एक आठवडा दहाला बंद करावे, पुढचा आठवडा अकराला, असे काही आठवडे आलटून पालटून चालवावे. आणि त्या तासाची नव्हे, अख्ख्या दिवसाची विक्री ताडून पाहावी. सोमवारची सोमवारशी, रविवारची रविवारशी. पगाराचा आठवडा एकाच बाजूला पडू देऊ नये, नाहीतर एक तारखेची तेल-तांदळाची खरेदी अकरा वाजताच्या नावावर जमा होते. रोखीच्या विक्रीसाठी वहीत दर पाव तासाला रेघ मारावी. फोनवरून आलेल्या पैशांची वेळ फोनमध्ये आपोआप नोंदलेली असते, त्यासाठी वहीची गरज नाही. काउंटरवरचा तो डबा प्रत्येक रक्कम मोठ्याने ओरडतो, ती अख्ख्या आळीला कळते, फक्त काकांना लक्षात राहत नाही.

काकांनी हे केले नाही. काकूंनी केले. वही त्यांच्याकडे असते. अकराच्या आठवड्यांत दिवसाची विक्री दहाच्या आठवड्यांपेक्षा सरासरी सातशेने जास्त निघाली. त्या तासात गल्ल्यात पडत होते साडेअकराशे. म्हणजे साडेचारशे रुपये आळीतलेच होते, नुसते उशिरा आलेले.

सातशेवर बारा टक्के, म्हणजे ८४. त्यातून मुलाचे साठ गेले, दिव्याचे तीन गेले. उरले एकवीस.

‘एकवीस रुपये तासाने बसता होय,’ काकू म्हणाल्या. ‘उद्यापासून मीच तुम्हाला बावीस देते, वर येऊन लसूण सोला.’

काकांनी यावर जे उत्तर दिले ते कोणत्याही अर्थशास्त्र्याला शोभेल असे होते. ते म्हणाले, एकवीस का होईना, पदरचे तर जात नाहीत ना!

नियम चौथा : तासाची बेरीज पाहून थांबू नये, तासाचे तुकडे करावेत. वहीतल्या रेघा याचसाठी होत्या. त्या तासातल्या विक्रीचा पाचातला चार हिस्सा साडेदहाच्या आतच होत होता, कारण बस तेव्हा येते. ढोबळमानाने ८४ पैकी ६७ रुपये पहिल्या अर्ध्या तासाचे आणि १७ दुसऱ्या अर्ध्या तासाचे. मुलाचे आणि दिव्याचे मिळून दर अर्ध्या तासाला साडेएकतीस. पहिल्या अर्ध्या तासात साडेपस्तीस सुटले. दुसऱ्यात साडेचौदा खिशातून गेले. दोन्ही मिळून ते एकवीस.

म्हणजे साडेदहाला शटर ओढले असते तर अर्धा तास कमी बसून काकांना जास्त पैसे मिळाले असते. पदरचे जातच होते. फक्त पहिल्या अर्ध्या तासाच्या कमाईखाली ते झाकले जात होते. दुकानदार इथेच फसतो : अख्खा तास फायद्यात दिसतो म्हणून त्याचे शेवटचे टोकही फायद्यात आहे असे धरून चालतो.

यावर काकांनी मुलाला साडेदहाला घरी पाठवून स्वतः एकट्याने अकरापर्यंत बसायची तोड काढली. हिशेबाने ती चूक नाही. मुलाचे तीस वाचले की शेवटच्या अर्ध्या तासात पंधरा-सोळा रुपये सुटतात. प्रश्न एवढाच उरतो की काकांचा अर्धा तास पंधरा रुपयांहून महाग आहे की स्वस्त. याचे उत्तर वहीत नाही. शटर अर्धे खाली ओढलेले, त्याखालून वाकून आत आलेले दोघेतिघे तांदळाच्या गोणीवर बसलेले, मासळीचा भाव आणि रस्त्याची कामे यांवर चर्चा चाललेली, आणि काका तराजूच्या पारड्यात शेंगदाणे घेऊन एकेक तोंडात टाकत असलेले. त्या शेंगदाण्यांचे पैसे कुणी धरले नव्हते. काकूंनी ते ‘करमणूक’ या खात्यावर टाकले आणि विषय संपवला. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. बसायचे तर बसावे, फक्त त्याला धंदा म्हणू नये.

नियम पाचवा : कायद्याला घाबरू नये. १९४८ च्या कायद्यात दुकान बंद करायच्या वेळेची बंधने होती. २०१७ चा नवा कायदा आल्यावर ती गेली. काका अजून दहा वाजता रस्त्याकडे बघतात.

नियम सहावा : एकदा काढलेले उत्तर बारा महिने चालत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि उत्तन, पाली, चौक इथल्या नावा किनाऱ्यावर असतात. हातात पैसा कमी, वर पाऊस, मग साडेदहासुद्धा जास्त होतात. उलट हंगामात नाव निघायच्या आधी तांडेल शिधा भरायला येतो : तांदूळ, डाळ, तेल, कांदे, चहा, साखर, बिस्किटे, तंबाखू, काडेपेट्या. एका वेळी साडेतीन हजारांचा माल जातो. तेल-तांदळामुळे त्यात आठच टक्के सुटतात, तरी २८० झाले. नाव पाण्यावर यायला भरती हवी, आणि भरती काही दुकानाच्या वेळेवर येत नाही. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ अदमासे कळते : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. काका दर्यावर कधी गेले नाहीत, पण हा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. त्याच्या जोरावर ते पौर्णिमेच्या आसपास बारापर्यंत बसू लागले.

मलाही ते पटले होते. काकूंना नाही. त्या म्हणाल्या, ‘तांडेलाकडे आपला नंबर आहे. आपण वरच राहतो. शटर बंद असलं तर तो फोन करेल, तुम्ही खाली जाऊन उघडा. तो माल काय दुसरीकडून घेणार आहे?’ म्हणजे ते २८० रुपये बसून राहिल्यामुळे मिळतच नव्हते. ते कसेही मिळणार होते. वाट बघण्याची सीमांत प्राप्ती शून्य. शिवाय तो सगळा माल उधारीवर, नाव परत येऊन मासळी विकली जाईपर्यंत. वहीत लिहिलेले आठ टक्के आणि हातात पडलेले आठ टक्के यांत पुष्कळदा एक अख्खी फेरी असते.

एक सावधगिरी मात्र दुकानदाराने बाळगावी. ठरलेली वेळ रोज पाळावी. आज दहा, उद्या अकरा, परवा मूड नाही, असे केले तर बसने येणारा माणूस धोका न पत्करता स्टेशनजवळच पाव घेतो, आणि मग साडेदहापर्यंतचे ते साडेपस्तीसही जातात. काकूंच्या आलटून पालटून केलेल्या प्रयोगात ही खोट होतीच. लोकांना सवय लागायला वेळ लागतो, तेव्हा खरा आकडा थोडा वरही असू शकेल.

सध्या दुकान साडेदहाला बंद होते. या बाजूला येणार असाल तर त्याआधी या आणि सुटे पैसे आणा. नावेचा शिधा भरायचा असेल तर कितीही वाजता फोन करा, काकू उचलतील.