येथे काळजाला हात घालणारे संगीत

हौशी नाटक मंडळात कामं वाटायची एक ठरलेली रीत असते. ज्याला अभिनय येतो तो नायक होतो, ज्याच्या मेहुण्याचं फर्निचरचं दुकान आहे तो नेपथ्य करतो, आणि ज्याला यातलं काहीच नाही पण जो तालमीला रोज येतो आणि अधूनमधून सगळ्यांच्या चहाचे पैसे देतो, त्याला म्युझिकला बसवतात. मी अभिनयही करून पाहिला होता. पोस्टमनचं काम होतं, रंगमंचावर जाऊन ‘तार!’ एवढंच म्हणायचं होतं. ते मी विंगेतच म्हटलं.

आमच्या सोसायटीच्या मंडळानं एकांकिका स्पर्धेत उतरायचं ठरवलं तेव्हा दिग्दर्शक, जो वयानं माझ्या मुलाएवढा आहे, मला म्हणाला, “काका, संहिता घरी न्या आणि म्युझिकचं क्यू शीट करून आणा. कुठे काय वाजणार, मूड कोणता, लय कोणती, सुरू कसं होणार, बंद कसं होणार, सगळं.” नोकरीत आयुष्यभर ‘कळावे, आपला विश्वासू’ याच्यापलीकडे लेखन न केलेल्या माणसाला कुणी असं काही लिहायला सांगितलं, की त्याच्यात दबलेला साहित्यिक उसळी मारतो. मी लाल शाई आणली. तिसऱ्या पानाच्या समासात लिहिलं, ‘येथे काळजाला हात घालणारे संगीत’. नवव्या पानावर, ‘वातावरणात अनाम हुरहुर’. चौदाव्या पानावर तर मी स्वतःच थरारलो. तिथं लिहिलं होतं, ‘नियती हसते (हळू)’.

पुतण्याच्या मदतीनं गाणीबिणी गोळा करून लॅपटॉपमध्ये भरली आणि फायलींना नावंही त्याच तोलामोलाची दिली. हुरहुर एक, हुरहुर दोन, हुरहुर फायनल, हुरहुर फायनल खरी. रात्री मोठ्या हौसेनं बायकोला शीट वाचून दाखवलं. तिनं मेथी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वाण्याच्या यादीत ‘थोडं गोड वाटेल असं काहीतरी’ लिहिता का? गूळ अर्धा किलो, असंच लिहिता ना?”

मी दुर्लक्ष केलं. साहित्यिकाच्या घरी हे चालायचंच.

आता आमच्या नाटकाबद्दल सांगायला हवं. गोष्ट साधी होती. मुलगा भांडून रात्रीच्या गाडीनं घर सोडून जातो आणि मागे आई-वडील उरतात. घर स्टेशनजवळ. मुलगा निघतो तेव्हा लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू यायची होती, म्हणून मी इशाऱ्याचा शब्द ठरवला, ‘निघतो’. तुम्ही मराठी घरात वाढला असाल तर पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्याकडे ‘निघतो’ म्हणून कोणी निघतं का? मुलगा एकदा ‘निघतो’ म्हणतो, मग आई डबा आणते, मग तो पुन्हा ‘निघतो’ म्हणतो, मग वडिलांचा जुना हिशेब निघतो, आणि तिसऱ्या ‘निघतो’ला तो खरोखर उंबरठ्याबाहेर पाऊल टाकतो. रंगीत तालमीत पहिला ‘निघतो’ ऐकताच मी इमानदारीत बटण दाबलं, दुसऱ्याला पुन्हा दाबलं, आणि तिसऱ्याच्या वेळी आपलं काहीतरी चुकतंय अशी शंका आल्यामुळे हात आवरला. दोन गाड्या गेल्या. मुलगा घरातच.

“काका, शब्दावर नाही, पावलावर,” दिग्दर्शक म्हणाला. त्याचं म्हणणं असं, की इशाऱ्याला एकटा शब्द कधी धरायचा नाही. वाक्यच धरायचं असेल तर त्याचे शेवटचे चार-पाच शब्द लिहायचे आणि त्या पानावर ते पुन्हा येत नाहीत ना हे बघायचं. पण नट वाक्य गाळतो, बदलतो, कधी दुसऱ्याचंच म्हणून टाकतो. बाहेर जाणाऱ्याला दार मात्र ओलांडावंच लागतं. म्हणून हालचाल दिसत असेल तर हालचालच धरायची.

दुसरी भानगड झाली टेलिफोनची. मला फेड आऊटचा फार नाद लागला होता. आवाज हळूहळू मावळतो यात काही तरी सुसंस्कृत वाटायचं, म्हणून शीटमध्ये जिथं जिथं काही थांबतं तिथं तिथं मी ‘फेड आऊट, ३ सेकंद’ असं छापील अक्षरात लिहून ठेवलं होतं. वडिलांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला, ‘हॅलो’ म्हणाले, आणि फोन तीन सेकंद क्षीण होत होत, दुःखी होत होत बंद झाला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “गेला बिचारा.”

फेडचा नियम दिग्दर्शकानं त्या दिवशी सांगितला आणि तो मला अजून आवडतो. जो आवाज नाटकातल्या माणसांनाही ऐकू येतो, म्हणजे फोन, दारावरची घंटा, त्यांच्या घरातला रेडिओ, तो हात लागताच कापायचा, आणि शक्य तर सेटच्या मागच्या स्पीकरमधून आणायचा. जो फक्त प्रेक्षकांना ऐकू येतो, म्हणजे पार्श्वसंगीत, त्याला फेड. तो आला कधी आणि गेला कधी हे कळता कामा नये. शीटमध्ये प्रत्येक आवाजापुढे हे लिहिलेलं असलं, की अंधारात विचार करावा लागत नाही. माझा तर उजेडातही होत नाही.

लयीचा प्रकार मात्र नाजूक होता. मुलगा गेल्यावर वडिलांचं चार मिनिटांचं स्वगत होतं आणि त्याखाली मी सतारीचा झाला लावला होता, कारण घरी बारीक आवाजात तो मला फार करुण वाटला होता. वडिलांचं काम करणारे गृहस्थ तालमीत एकेक शब्द तोलून बोलायचे. पण झाला सुरू झाल्यावर दुसऱ्या वाक्यापासून त्यांची मान हलू लागली, चौथ्यापासून पाय, आणि मग ते स्वगत असं काही धावत सुटलं, की चार मिनिटांचं दुःख अडीच मिनिटांत उरकलं. शेवटच्या ओळीवर ते चक्क समेवर आले.

नटाचं बोलणं खालच्या ठोक्याला चिकटतं, त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून शीटमध्ये नुसतं ‘संथ’ लिहून भागत नाही. घड्याळ धरून १५ सेकंदांतले ठोके मोजायचे, चारनं गुणायचे आणि तो आकडा लिहायचा. मिनिटाला ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका, इतपत संवादाखाली खपतं. माझा झाला मोजायला बसलो तर बोटं मागे पडली. शेवटी तिथं ठोकाच नसलेलं काहीतरी, म्हणजे नुसता तानपुरा ठेवला. सारंगी सुचवून पाहिली होती, पण तिचा सूर माणसाच्या गळ्याच्या इतक्या जवळचा, की दोन माणसं एकदम बोलतायत असं वाटायला लागलं.

मूडबद्दलही माझा गैरसमज निघाला. मला वाटायचं, आई रडतेय म्हणजे समासात ‘करुण’ लिहायचं. दिग्दर्शक म्हणाला, “ती रडतेच आहे ना काका, ते दिसतंय लोकांना. जे तिच्या बोलण्यात नाही ते लिहा.” बराच वेळ विचार करून मी लिहिलं, ‘पोरगा गेला, घरातलं भांडण संपलं, थोडं हायसं वाटतंय आणि त्याची लाज वाटतेय’. तो गप्प बसला. मग म्हणाला, “हे चांगलंय. पण हे संगीत निवडताना कामाचं. बटण दाबताना फाईलचा नंबर लागतो.” हुरहुर फायनल खरी त्या दिवशी ‘०९’ झाली.

प्रत्यक्ष स्पर्धेत हे सगळं सुधारून गेलो आणि ब्लॅकआऊटमध्ये सापडलो. पहिला प्रवेश संपला की अंधार, त्यात खाट आत आणायची, आणि तोवर सतारीवरून बासरीवर क्रॉस फेड. सतार काळी एकची, बासरी पांढरी चारची. दोन्ही आपापल्या घरी सज्जन. पण पाच सेकंद एकत्र वाजली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका परीक्षकांनी कानात करंगळी घातली. त्यातून सावरतोय तोच बासरी संपली, कारण उजेडातल्या तालमीत खाट वीस सेकंदांत आली होती आणि मी हिशेबानं पंचवीस सेकंदांचा तुकडा कापून आणला होता. अंधारात खाट वाटेतच होती. भरलेल्या नाट्यगृहानं निःशब्द शांततेत स्वच्छ ऐकलं, “अरे माझा पाय! पाय आहे तो!”

पुढच्या प्रयोगासाठी शीट पुन्हा लिहिलं. आता सतार आणि बासरीच्या मध्ये पाऊस आहे. पावसाला षड्ज नसतो, तो कोणाशीही जमवून घेतो. शिट्टीची नोंद अशी आहे: ‘क्यू ७, पान १४. डबा हातात आला की तयार. इशारा: मुलाचं पाऊल उंबरठ्याबाहेर, वाक्य धरू नये. फाईल ०७, रेल्वेची शिट्टी, मागचा स्पीकर, लगेच, फेड नाही, एकदाच. लेव्हल: रिकाम्या हॉलमध्ये ठरलेली, हॉल भरल्यावर थोडी वर.’ हे शेवटचं अशासाठी, की माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात, आणि तालमीत कानठळ्या बसवणारी शिट्टी भरल्या प्रयोगात चहाच्या किटलीएवढी उरते. ब्लॅकआऊटच्या संगीतापुढे सेकंद लिहिलेलेच नाहीत. ‘दिवे येईपर्यंत’ असं आहे, आणि पावसाची फाईल दोन मिनिटांची.

दिग्दर्शकानं शीट वाचलं, म्हणाला, “काका, हे इतकं नीट झालंय, की आता कोणीही बसू शकतं म्युझिकला.” आणि त्यानं बसवलंही. दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी बसते. अजून तिचा एकही क्यू चुकलेला नाही. मला खाटेला लावलं आहे, डावीकडचा मागचा पाय.

प्रयोगाला जरूर या. पाऊस बराच वेळ पडतोय असं वाटलं तर कंटाळू नका, मी वाटेत असेन.