काही अपरिहार्य कारणास्तव

माझं अक्षर बरं आहे, म्हणून मंडळाने मला चिटणीस केलं. दुसरं कुठलंही कारण मला आजवर सापडलेलं नाही. गणपतीची वर्गणी, सत्यनारायणाचं आमंत्रण, 'येथे गाड्या लावू नयेत' हे सगळं मीच लिहितो. पण टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा पावसामुळे पुढे ढकलल्याची सूचना लिहिली, तेव्हा कळलं की अक्षर चांगलं असून काही उपयोग नसतो.

हडपसरच्या पलीकडचं मैदान, सोळा संघ, सहा-सहा षटकांचे सामने, प्रवेश फी संघामागे दोन हजार. शनिवार १९ एप्रिलला आठ आणि रविवारी सात असे पंधरा सामने बसवले होते. सुरुवात सकाळी दहाला होती. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले, नारळ एकला फुटला. तीन सामने उरकले, चौथा चालू होता आणि पावणेचारला वळीव आला. वळीव आपल्याकडे अर्ज करून येत नाही. आधी धूळ उठली, मग मांडवाचं एक टोक उठलं, मग समालोचक उठला.

पोरांनी पळत जाऊन पिचवर निळं प्लास्टिक टाकलं. पाऊस वीसच मिनिटं पडला. सहा वाजता प्लास्टिक काढलं, तर कडेने पाणी आत शिरलेलं, आणि जिथे शिरलं नव्हतं तिथे मातीला खालून घाम फुटलेला. मी बॉलर जिथे पाय आपटतो तिथे अंगठा दाबला. अंगठा पेराएवढा आत गेला आणि खड्ड्यात पाणी जमलं. कुणीतरी हौसेने रोलर आणला. ओल्या लाल मातीवर रोलर फिरवला की तो पिच दाबत नाही, पिच सोबत घेऊन जातो. तसंच झालं. दोन फेऱ्यांत गुड लेन्थचा भाग रोलरला चिकटून बाउंड्रीपर्यंत गेला. मग भुसा टाकला, गोणपाट टाकलं. त्यावर एक टेनिस बॉल टप्पा देऊन पाहिला, तो भिजलेल्या बटाट्यासारखा जागीच बसला. रविवारचा निकाल तिथेच लागला.

एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अरे, मुंबईत कांगा लीग भर पावसाळ्यात खेळतात! १९४८ पासून!" खरं आहे. पण ती मुद्दाम पावसाळ्यात ठेवलेली स्पर्धा आहे, आणि तिथले बॅट्समन ओल्या पिचवर खेळायला शिकायलाच येतात. आमचे बॅट्समन आडवी बॅट फिरवायला येतात.

रात्री मी सूचना लिहिली. हात आपोआप चालला : 'काही अपरिहार्य कारणास्तव स्पर्धा पुढील सूचना मिळेपर्यंत पुढे ढकलण्यात येत आहे.' अर्ध्या तासात फोन सुरू झाले. पाऊस साऱ्या हडपसरने पाहिला होता, तरी 'अपरिहार्य कारण' वाचल्यावर लोकांना पाऊस आठवेना, आमचे खजिनदार आठवले. "पैसे संपले का हो?" असं तिघांनी विचारलं. एकाने तर कारण सांगितल्यावरही "ते ठीक आहे, पण खरं कारण काय?" असं विचारलं.

दुसऱ्या सूचनेत मी पाऊस लिहिला आणि तारखाही दिल्या. २६-२७ एप्रिलला मैदान लग्नाला दिलेलं होतं, म्हणून पुढचा आठवडा धरला : 'शनिवार दि. ३ व रविवार दि. ५ मे.' रविवार चार तारखेला होता. कॅलेंडर समोर होतं, पण मी अक्षराकडे बघत होतो. नोकरी करणारे संघ म्हणाले आम्ही रविवारी येणार, बाकीचे म्हणाले आम्ही पाच तारखेला. एका कर्णधाराने तर सोमवारच्या रजेचा अर्जही दिला होता. तेव्हापासून मी वार बोट ठेवून वाचतो.

मग फीचा प्रश्न आला. खजिनदार अण्णांच्या घरी बैठक बसली. सोळा संघांचे बत्तीस हजार व्हायला हवेत. तीन संघांनी "उरलेले मैदानावर देतो" म्हणून निम्मेच दिले होते, म्हणजे हातात एकोणतीस. मैदानाचं भाडं, मांडव-स्पीकर, चषक आणि बॉल यांत एकवीस हजार आठशे गेलेले. अण्णा म्हणाले, "सात हजार दोनशे शिल्लक. तीन संघांना पैसे परत देऊ शकतो. चौथा आला तर मी गावी जातो."

मैदानवाल्याने तेच भाडं नव्या तारखांना धरायचं कबूल केलं, हे नशीब. चषकांवर मात्र '१९-२० एप्रिल' छापलेलं होतं, त्यावर नवी पट्टी चिकटवायची ठरली.

आता मागणाऱ्यांचे प्रकार. पहिले, शनिवारी हरलेले तीन संघ. त्यांचं म्हणणं, स्पर्धाच झाली नाही, तर आम्ही हरलो कसे? त्यांना सांगितलं, झालेल्या सामन्याचा निकाल कायम, फी परत नाही. एक कर्णधार म्हणाला, "आमची मॅच चौथी ठेवली असती तर?" त्याच्या दुःखावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौथ्या सामन्यात पहिल्या संघाच्या ७१ धावा झाल्या होत्या आणि दुसरा अडीच षटकांत दोन बाद १९. कुणीतरी ओरडलं, "डकवर्थ-लुईस लावा!" ते येत कुणालाच नव्हतं, आणि त्याच्याआधीचे नियम काय करायचे ते सगळ्यांना पाठ होतं : १९९२च्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हव्या होत्या, पावसानंतर १ चेंडूत २१. तेव्हा तो सामना पहिल्यापासून खेळवायचा ठरला. ७१ वाला संघ अजून माझ्याशी बोलत नाही.

राहिले न खेळलेले. जे नव्या तारखांना येऊ शकतात, त्यांची फी तशीच पुढे. ज्यांना जमत नाही, त्यांना पूर्ण परत, कारण तारीख आम्ही बदलली होती. पण हे केव्हापर्यंत कळवायचं? अण्णांचा मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे दोन राखीव संघ थांबलेले होते. माघार आठवडाभर आधी कळली, तर राखीव संघाची फी घेऊन तीच माघार घेणाऱ्याला देता येते, अण्णांना गावी जावं लागत नाही. आदल्या रात्री कळली, तर जागा रिकामी आणि पैसेही रिकामे.

शेवटी चौथ्या मसुद्यात सूचना अशी झाली :

'शनिवारच्या पावसाने पिच खराब झाल्यामुळे उरलेले १३ सामने शनिवार दि. ३ मे व रविवार दि. ४ मे रोजी सकाळी ९ पासून होतील. झालेल्या ३ सामन्यांचे निकाल कायम. चौथा सामना नव्याने. भरलेली फी नव्या तारखांना चालेल, पुन्हा भरू नये. ज्या संघास येणे शक्य नाही त्याने शुक्रवार दि. २५ एप्रिल, रात्री ९ पर्यंत पावती क्रमांकासह कळवावे. पूर्ण फी ज्या नंबरावरून आली त्याच नंबरावर परत जाईल. त्यानंतर फी परत मिळणार नाही.'

अण्णांनी तेरा हा आकडा बोटांवर मोजला. पंधरातून तीन गेले, बारा. मी चौथा सामना दोनदा धरला होता. पाचवा मसुदा झाला.

'त्याच नंबरावर' हे कलमही अण्णांचंच. अकरा पोरं दोनशे-दोनशे काढतात, त्याचे होतात बावीसशे. फी दोन हजार, वरचे दोनशे कर्णधाराच्या हिशेबात. कुणाच्या हातात रोख परत दिली की नऊ जण विचारायला येतात. त्यापेक्षा मोबाइलवर आलेले मोबाइलवर परत.

दोन संघांनी माघार घेतली, दोन राखीव संघ आत आले. शुक्रवारी रात्री साडेनऊला अण्णांनी माझ्यासमोर दोन्ही रकमा पाठवल्या. दहा मिनिटांत माझा फोन वाजला. सूचनेखाली नंबर माझा होता. पलीकडे एक बाई होत्या, आवाज काळजीचा.

"सर, आमच्या मुलाच्या क्लासची फी तुम्ही परत का पाठवलीत? काढून टाकलंत का त्याला?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ताई, काही अपरिहार्य कारणास्तव..."