चिमटा कोणी काढला?

(रंगमंचावर एक खुर्ची, बाजूला स्टूल. साठीकडे झुकलेली एक बाई लाकडी चौकट घेऊन येते आणि ती प्रेक्षकांसमोर धरते.)

दिसतंय काही? डोळे बारीक करू नका, चष्म्याचा दोष नाही. हा फोटो आहे. 1975 सालचा, दारव्ह्यातल्या एका स्टुडिओतला. यात दोन मुली आहेत, एक मी आणि एक माझी ताई. कोणती कोण ते विचारू नका, चेहरे उडालेत. उरलंय काय, तर दोघींच्या वेण्या, डोळ्यांतलं काजळ, खुर्चीच्या पाठीवरची काळी नक्षी आणि स्टुलावरचा टेलिफोन. टेलिफोन एकदम ठळक! घरच्या पोरी पुसल्या गेल्या आणि स्टुडिओतला बिनतारेचा खोटा फोन तेवढा जसाच्या तसा.

सापडला कुठे? माळ्यावर. बाबांचं घर आवरायला मी पुण्याहून दारव्ह्याला आले होते. ट्रंक उघडली, वर गोधड्या, खाली हा. ताईनं पदरानं काच पुसली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल?

(कमरेवर हात, ताईच्या आवाजात) "लहाने, तूच उन्हात टांगला होता थो. म्हनून उडला!"

मी लग्न होऊन पुण्यात. फोटो दारव्ह्यात, ट्रंकेत. ऊन कुठलं? पण ताईच्या कोर्टात साक्षीदार लागत नाहीत.

आता त्या दिवसाचं ऐका. तेव्हा आम्ही दारव्ह्याच्या अलीकडच्या एका खेड्यात राहायचो. ते कापसाच्या एकाधिकार खरेदीचे दिवस. चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा, आणि त्या वर्षीचा शेवटचा हप्ता आला मे महिन्यात. बाबा म्हणाले, "चला, पोट्ट्यांचा फोटो काढू!" शकुंतलेत बसलो. शकुंतला म्हणजे आमची मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी रेल्वे. तेव्हा तिला कोळशाचं इंजिन होतं, डिझेलचं आलं ते 1994 मध्ये. मायनं आम्हाला पांढरे, कांजी केलेले झगे घातले होते. कोळशाच्या गाडीत पांढरे झगे! दारव्हा मोतीबाग स्टेशनला उतरलो तेव्हा ठिपक्याठिपक्यांचे झगे घातलेल्या दोन मुली उतरल्या.

(खुर्चीवर बसते, पाय लोंबकळवते.)

स्टुडिओत मागे रंगवलेला जिना होता. वर जाणारा, कुठेच न पोचणारा. मी चार वर्षांची, खुर्चीवर. ताई आठची, शेजारी उभी. फोटोग्राफर म्हणाला, हलायचं नाही, श्वाससुद्धा नाही. का? दोन बल्बांच्या उजेडात कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागायचा. तेवढ्यात लेकरू हललं की फोटोत एका लेकराला दोन नाकं.

तो "रेडी" म्हणाला आणि माझ्या दंडाला, इथे, असा सणसणीत चिमटा बसला! मी भोकाड पसरलं. "ताईनं चिमटा काढला!" बाबांनी ताईला एक ठेवून दिली. मला बर्फाचा गोळा, लाल. ताईला काही नाही. ती शपथा घेत राहिली, "म्या नाही काढला!" मग दुसऱ्यांदा बसवलं, आणि तो हा फोटो.

आता हा खटला किती जुना झाला बघा! माझ्या लग्नात निघाला, तिच्या लेकीच्या बारशाला निघाला. पुरावा एकच, आणि त्या पुराव्याचा रंग गेलेला.

म्हणून गेलो दुकानात. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, सगळं एकाच काउंटरवर. ताईनं पिशवीतून काय काढलं? उलथनं! फोटो काचेला चिकटला होता ना, तो सोडवायला. दुकानातलं पोरगं ओरडलं, "मावशी, हात नका लावू! पावसाळ्याच्या ओलीनं फोटोवरचा थर काचेले चिपकला हाय. ओढला तं चेहरा काचेवर राहीन अन् कोरा कागद हाती येईन."

ताई म्हणते, "बाप्पा, चेहरा हाय कोठी त्यात?"

पोरानं चौकट मागून उघडली आणि काचेसकट फोटो बाहेर घेतला. कोपऱ्यात त्याचे आजोबा बसले होते. त्यांनी हयात अंधाऱ्या खोलीत काढलेली. त्यांनी फोटोची कड बोटानं दाखवली. "हे पाहा, चौकटीच्या खाली दबलेली कड. इथं ऊन कधी पोचलं काय? पन थेबी तितकीच पिवळी. म्हनजे हे उन्हाचं काम नाही. हे हायपोचं काम."

मी ताईकडे बघितलं. ताई पंख्याकडे.

हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन. त्यातून काढला की फोटो वाहत्या पाण्यात चांगला अर्धा-पाऊण तास धुवायचा. धुतला नाही तर हायपो कागदात मुरून बसतो, आणि वर्षानुवर्षं चांदी खात राहतो. हो, काळ्या-पांढऱ्या फोटोतलं काळं म्हणजे चांदीच असते. आधी जिथे ती विरळ असते तिथलं जातं, गाल, हात, कपाळ. दाट असते ते टिकतं, काजळ आणि टेलिफोन. मी विचारलं, "मग त्या माणसानं धुतला का नाही?" आजोबा हसले. "बाई, मे महिना, दारव्हा. लोकाईले प्याले पानी नव्हतं. तुमच्या फोटोले कोठून वाहतं पानी आनावं त्यानं?"

घ्या! चुकारा हिवाळ्यात मिळाला असता तर मला आज नाक असतं.

(उभी राहते.)

पोरानं स्कॅन केला, तोही रंगीत. मी म्हटलं, अरे, फोटो तर काळा-पांढरा. तो म्हणाला, आता काळा कुठं राहिला, पिवळा झाला ना. पिवळा डाग निळ्या उजेडात काळा दिसते. मग त्यानं लाल आणि हिरवा भाग बाजूला सारला, निळा तेवढा ठेवला, गडद केला. आणि... अगं बाई! हळूहळू गाल आले. नाक आलं. ताईचा फुगलेला गाल आला, थापडेचाच असणार. झग्यावरचे कोळशाचे ठिपकेसुद्धा आले!

ताई पडद्याला नाक लावून. "माहे हात पाय! हात कोठी हायेत माहे?" दिसले. दोन्ही हात पुढे, घट्ट बांधलेले, अगदी शाळेतल्यासारखे.

पण माझ्या दंडावर हात होता.

तिसरा! खुर्चीच्या मागून आलेला. खुर्चीच्या पाठीवर चार काळ्या कमानी होत्या ना, त्यांना आम्ही आयुष्यभर लाकडावरची नक्षी समजत होतो. ती नक्षी नव्हती. त्या बांगड्या होत्या. काळ्या काचेच्या म्हणून टिकल्या, आत हात होता तो उडाला होता.

माय! खुर्चीमागे उकिडवी बसून मला धरून ठेवलेली. आजोबांना नवल नाही. म्हणाले, लहान लेकराले असंच धरा लागे. मी नंतर वाचलं, व्हिक्टोरिया राणीच्या काळी इंग्लंडातल्या आयासुद्धा चादर पांघरून, खुर्चीचं सोंग घेऊन बसायच्या. पण त्या चिमटे काढत होत्या की नाही ते लिहिलेलं नव्हतं.

ताई खाली बसली. मला वाटलं, मायची आठवण आली, रडते की काय. मी पाठीवर हात ठेवला.

(ताईच्या आवाजात, हळूहळू चढत) "म्हनजे... चिमटा मायनं काढला. मार म्या खाल्ला. अन् गोळा तुनं खाल्ला?"

"ताई, मी चार वर्षांची होते गं."

"मायनं पाह्यलं का नाही मले मार खाताना? खुर्चीमागून? अन् बोलली नाही! मराले टेकली तरी बोलली नाही!" आणि मग ती जी हसायला लागली! पोरगं पाणी आणायला धावलं. डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि माझी पर्स ओढली.

"चाल. गोळा घेऊन दे."

"ताई, डिसेंबर आहे! आता कोण गोळा विकतो?"

"मंग रबडी घेऊन दे. व्याज लागलं त्याले."

(अंधार.)